जावयाच्या कपाळावरचा फ्लॅश काढायचा आणि तिथे खिडकी आणायची: कसं?

दांडियाबाजारवाला (वडोदरा)

मंडळी, एक काम गळ्यात पडलंय. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घरगुती ग्रुप फोटो मी काढला. रावपुऱ्यातलं जुनं घर, दिवाणखान्यात डाव्या हाताला भलीमोठी खिडकी, सकाळचे साडेनऊ. दुसरा कुठलाही लाइट लावला नाही. फोटो छान आला, पण थोरले जावई त्या दिवशी येऊ शकले नव्हते. आता सगळ्यांना ते फोटोत हवेत, आजींच्या शेजारी, खिडकीच्या बाजूला. तिथे जागाही आहे.

त्यांचा जो फोटो मिळाला तो मे महिन्यातल्या एका लग्नातला, रात्री मोबाइलच्या फ्लॅशवर काढलेला. वडोदऱ्याचा मे, त्यात जेवणाची पंगत नुकती उठलेली. कपाळ, नाकाचा शेंडा, दोन्ही गालांची हाडं नुसती चकचकतायत, आणि कानशिलावर घामाचे थेंब. मी माणूस नीट कापला, रंग जुळवला, खिडकीच्या उलट बाजूला सावलीही दिली. तरी फोटो बघणारा पहिल्या सेकंदाला म्हणतो, "हे चिकटवलेत ना?"

`Highlights` स्लायडर खाली ओढला तर चमकेच्या जागी राखाडी डाग उरतो, जणू अंगारा लावलाय. काय करू?

अपर्णाकाकू

मुलतानी माती आणि गुलाबपाणी. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. आमच्या ह्यांची त्वचाही अशीच तेलकट आहे, महिन्याभरात फरक पडला. जावयांना सांगा तळलेलं कमी करा.

दांडियाबाजारवाला

काकू, जावईबापू नाही, त्यांचा फोटो तेलकट आहे. :)

पिक्सेलपंत (इंदूर)

सोपं आहे. फ्रिक्वेन्सी सेपरेशन कर. खालच्या लेयरवर, म्हणजे रंग-उजेडाच्या लेयरवर, चमक असलेला भाग लॅसोने निवडून ब्लर मार. छिद्रं, सुरकुत्या वरच्या लेयरवर शाबूत राहतात. किंवा `Clone Stamp` चा मोड `Darken` ठेवून शेजारची त्वचा फिरव, फक्त उजळ पिक्सेल दबतील. मी लग्नाच्या अल्बममध्ये रोज हेच करतो.

दांडियाबाजारवाला

पंत, करून पाहिलं. कपाळावर ठीक वाटतं, पण घामाचे थेंब वरच्या लेयरवर जसेच्या तसे राहिले. खालचा उजेड गेला आणि थेंब तेवढे चमकतायत, आता तर देवी आल्यासारखं दिसतंय. आणि कपाळाचा गोलवाही गेला. सपाट पाटी.

शलाका (इंदूर, पूर्वी मुंबई)

मी बरीच वर्षं जाहिरातींच्या फिल्मवर कंपोझिटिंग केलं, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. पंतांची पद्धत चुकीची नाही, पण ती अल्बमसाठी, म्हणजे उजेड तोच ठेवून चेहरा जरा सौम्य करायला. तुम्हाला उजेडच बदलायचा आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. चेहऱ्यावरून डोळ्यात येणारा प्रकाश दोन वाटांनी येतो. एक त्वचेच्या आत शिरतो, रक्त आणि मेलॅनिन यांच्यातून फिरतो आणि त्वचेचा रंग घेऊन बाहेर पडतो. दुसरा आत जातच नाही. वरच्या तेलाच्या किंवा घामाच्या थरावरूनच परततो, त्यामुळे त्याला दिव्याचा रंग असतो, त्वचेचा नसतो. फोटोत या दोहोंची बेरीज दिसते. तुमचा स्लायडर दोघांनाही एकत्र काळं करतो, म्हणून अंगारा उरतो. फ्लॅशचा पांढरा रंग त्यात मिसळलेलाच राहतो, फक्त मंद होतो. बेरीज आहे तर वजाबाकी करायची.

आता सांगा, रंग जुळवणं आणि सावली देणं हे चमक काढण्याआधी केलंत का?

दांडियाबाजारवाला

हो, आधीच केलं. तेच पहिलं काम असतं ना?

शलाका

तिथेच गडबड झाली. मूळ फाइलवर परत जा. व्हाइट बॅलन्स त्या फ्लॅशसाठी असा लावा की चमक खरोखर पांढरी-करडी दिसेल, म्हणजे तिन्ही चॅनलमध्ये चमकेचा वाटा सारखा होईल. तुम्ही आधीच खिडकीचा रंग चढवलात तर चमकही रंगली, आणि मग कितीची वजाबाकी करायची ते कळत नाही.

दुसरं म्हणजे ही वजाबाकी लिनियर आकड्यांवर करायची. स्क्रीनवरचे 0 ते 255 हे आकडे गॅमा लावून दाबलेले असतात, त्यांच्यात प्रकाशाची बेरीज सरळ होत नाही. गिंपमध्ये `Image > Precision` मध्ये जाऊन `32-bit floating point` आणि `Linear light` निवडा. फोटोशॉपमध्ये 32 बिटला नेलं तरी चालेल.

मग जवळची, चमक नसलेली त्वचा मोजा. त्याच कपाळावरची घ्या, गालावरची नको, गालात रक्त जास्त असतं. आकडे इथे टाका.

दांडियाबाजारवाला

कपाळाच्या कडेला, केसांच्या जरा खाली: 176, 132, 106.
चमकेच्या आत, पण अगदी पांढरं नाही तिथे: 223, 189, 171.
मधोमध एक रुपयाच्या नाण्याएवढा डाग: 255, 255, 255. नाकाच्या शेंड्यावरही तसंच.

शलाका

छान, बोलके आकडे आहेत. लिनियरमध्ये साफ त्वचा साधारण 0.43, 0.23, 0.14 होते. लाल भागिले निळा, जवळपास 3. हे गुणोत्तर म्हणजे त्यांच्या कपाळाची सही समजा. उजेड कमी-जास्त झाला तरी त्वचेचा स्वतःचा रंग याच प्रमाणात राहतो.

चमकेतला पिक्सेल लिनियरमध्ये 0.74, 0.51, 0.41. इथे लाल निळ्याच्या दुप्पटही नाही, कारण तिन्हींमध्ये सारखाच पांढरा मिसळलाय. तो किती? एवढा की तो काढल्यावर गुणोत्तर पुन्हा 3 व्हावं.

```
s = (3*B - R) / 2
s = (1.23 - 0.74) / 2 = 0.245
```

वजा केल्यावर 0.495, 0.265, 0.165. परत स्क्रीनच्या आकड्यांत आणलंत की साधारण 187, 141, 113. कडेच्या त्वचेपेक्षा किंचित उजळ, आणि तसंच असायला हवं, कारण कपाळाचा मध्य फ्लॅशच्या समोर होता. म्हणजे गोलवा टिकला. पंतांच्या ब्लरने नेमका तोच गेला होता.

पिक्सेलपंत

ताई, हे एका पिक्सेलला ठीक. पूर्ण चेहऱ्याला काय, कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं?

शलाका

कुठल्याही नोडवाल्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्प्रेशन टाकता येतं. पायथन येणारं कोणी घरात असेल तर चार ओळी:

```python
k = 3.0   # साफ त्वचेचं R/B
s = (k*B - R) / (k - 1)
s = s.clip(0, None)
R2, G2, B2 = R - s, G - s, B - s
```

`s` ची वेगळी इमेज सेव्ह करा. त्यात फक्त चमक दिसेल, काळ्यावर पांढरी. तिच्याकडे नीट बघा, खूप कळतं. आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांनी निळा चॅनल उघडून बघा. त्वचा निळा प्रकाश शोषते म्हणून तिथे त्वचा गडद आणि चमक ठळक दिसते. मास्कसाठी तेवढंही बऱ्यापैकी चालतं.

रंगपेटी (ग्वाल्हेर)

मी नाटकांचा मेकअप करते, संगणकातलं काही कळत नाही, पण एक सांगू? शूटला निघताना टिश्यू आणि बिनरंगी पावडर खिशात ठेवायची. टिश्यू नुसता टेकवायचा, घासायचा नाही. आमच्याकडे उलटं काम असतं, नटाला घाम आलेला दाखवायचा. पाण्याचा फवारा मारला तर दोन मिनिटांत वाळतो, म्हणून ग्लिसरीन आणि पाणी मिसळतो. ते थेंब प्रवेश संपेपर्यंत टिकतात. पण लाइटवाल्याला विचारूनच मारायचे, नाहीतर समोरच्या स्पॉटने चेहऱ्यावर टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतं.

अपर्णाकाकू

बघा, मी म्हणत होते ना, आधीच काळजी घ्यायची.

दांडियाबाजारवाला

रिपोर्ट. भाच्याने त्या चार ओळी चालवून दिल्या. कपाळाचं काम बघून खुर्चीतून उठलोच. सुरकुत्या, छिद्रं, सगळं आतून वर आलं, ब्लर कुठेच नाही.

पण दोन अपघात झाले. जावयांची मिशी पिकलेली आहे, ती काळी कुळकुळीत झाली. फुकट कलप! डोळ्यांचे पांढरे भागही काळे, भुताच्या सिनेमासारखे. आणि मधल्या नाण्याची जागा पूर्ण काळी पडली.

शलाका

मिशीचं कारण सरळ आहे. पांढऱ्या केसात लाल आणि निळा जवळपास सारखे असतात, सूत्राला वाटतं ही सगळी चमकच. डोळे, दात, चांदीची फ्रेम, पांढरी कॉलर, सगळ्यांचं तेच होणार. त्यामुळे हे फक्त त्वचेच्या मास्कच्या आत चालवायचं. ओठांवर उलट होतं. तिथे लाल जास्त असल्यामुळे सूत्राला चमक कमी दिसते. ओठांचं गुणोत्तर वेगळं मोजून वेगळं चालवा.

नाण्याची गोष्ट निराळी. तिथे सेन्सर भरून वाहिला, 255 च्या वर काय होतं ते कुठेच नोंदलेलं नाही. नसलेल्यातून वजा काय करणार? पण त्या डागाच्या कडेला एक पट्टा असेल जिथे फक्त लाल 255 ला टेकलाय आणि हिरवा-निळा अजून जिवंत आहेत. तिथे हिरवा भागिले निळा वापरा. तुमच्या आकड्यांत ते 1.6 आहे.

```
s = (1.6*B - G) / 0.6
```

यात दाणे जास्त येतील, कारण 0.6 ने भागताना छोटी चूक मोठी होते. पण डाग आक्रसतो. मग उरलेल्या गाभ्यात त्याच कपाळावरची त्वचा हीलिंगने आणायची. ते रंगकाम आहे, त्याला दुसरा इलाज नाही.

आणि मोबाइलच्या जेपेगवर हे गणित तंतोतंत बसणार नाही, हे धरून चाला. फोन स्वतःच उजेड-सावली दाबून-ताणून ठेवतो. `k` ला 2.8 ते 3.2 मध्ये थोडं हलवून डोळ्याला पटेल ते घ्या. रॉ फाइल असती तर एवढी कसरत पडली नसती.

पिक्सेलपंत

घामाचे थेंब? ते तर प्रत्येक वेगळा.

शलाका

ते सगळे काढा. थेंब म्हणजे छोटं भिंग. ज्या बाजूने प्रकाश येतो तिकडे वर एक ठिपका, आणि आत शिरलेला प्रकाश पलीकडच्या कडेला गोळा होऊन त्वचेवर दुसरा उजेड पाडतो. फ्लॅशमधल्या थेंबाचं खिडकीतल्या थेंबात रूपांतर करायचं तर दोन्ही हलवावे लागतील, वीस-पंचवीस थेंबांचे. त्यापेक्षा सकाळी साडेनऊला पंख्याखाली उभ्या माणसाला घाम नव्हता असं माना. इथे पंतांचं `Darken` वालं क्लोन अगदी योग्य हत्यार आहे, थेंब लहान आणि शेजारी साफ त्वचा.

दांडियाबाजारवाला

थेंब गेले, नाणं भरलं, मिशी परत पांढरी झाली. मग खिडकीचा रंग आणि उजव्या बाजूची सावली दिली. आता चेहरा... शाडूच्या मूर्तीसारखा. रंगायच्या आधीच्या. मामांच्या, काकांच्या चेहऱ्याशेजारी मेल्यासारखा दिसतो.

चित्रशाळा (वडोदरा)

मी फाइन आर्ट्सला शिकते. आम्हाला पोर्ट्रेटमध्ये सर शेवटचा फटका हायलाइटचाच मारायला लावतात, आणि आधी खिडकीकडे बघायला लावतात. पांढरा रंग तसाच लावला की ओरडा बसतो. उत्तरेच्या खिडकीचा हायलाइट निळसर थंड असतो, त्वचा उबदार असली तरी. तुम्ही आता फक्त त्वचा रंगवलीत, फटका राहिलाय.

शलाका

अगदी बरोबर. चमक काढली, आता खिडकीची चमक द्यायची. पण कुठे, केवढी आणि किती?

कुठे, हे अंदाजाने ठरवू नका. स्वयंपाकघरातली स्टीलची पळी घ्या. त्याच दिवाणखान्यात, त्याच वेळी, कॅमेरा होता तिथे मोबाइल ठेवून, जावई जिथे उभे दाखवायचेत तिथे चेहऱ्याच्या उंचीवर पळीची पाठ कॅमेऱ्याकडे करून फोटो काढा. फिल्मवाले यासाठी चकचकीत गोळा नेतात, आपली पळी पुरते. खिडकी पळीवर जिथे दिसेल, त्वचेचा जो भाग तशाच दिशेला वळलाय तिथे चमक येईल. नियम एवढाच, की चमक तिथे दिसते जिथे पृष्ठभाग दिवा आणि कॅमेरा यांच्या बरोबर मधल्या दिशेला बघतो. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटलेला होता म्हणून चमक मधोमध. खिडकी काटकोनात डावीकडे असेल तर 45 अंश डावीकडे वळलेला भाग उजळेल. गोळ्यावर हे ठिकाण मध्यापासून काठाकडे साधारण सत्तर टक्के अंतरावर येतं.

दांडियाबाजारवाला

आजच जाऊन आलो. आजी म्हणाल्या, "पळीचा फोटो काढायला एवढा मोठा माणूस आला!" चहा-भाकरवडी झाली. पळीवर खिडकी डावीकडे उभट पट्टीसारखी दिसते, गजांसकट. म्हणजे कपाळाची डावी बाजू, डाव्या गालाच्या हाडाची बाहेरची कड आणि नाकाच्या दांड्याची डावी बाजू. नाकाचा शेंडा जवळजवळ कोराच.

पिक्सेलपंत

आणि जावई सगळ्यात खिडकीजवळ आहेत, तेव्हा त्यांची चमक बाकीच्यांपेक्षा जोरदार ठेवा. जवळ दिवा, जास्त चमक.

शलाका

पंत, अर्धं बरोबर. जवळ गेल्यावर *त्वचा* जास्त उजळते. चमक म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब, आणि प्रतिबिंब जवळून बघा की लांबून, तेवढंच तेजस्वी असतं. स्टीलचं ताट खिडकीकडे नेऊन बघा, आतलं आभाळ जवळ नेल्याने जास्त उजळत नाही, फक्त मोठं होतं. म्हणून मोठ्या खिडकीजवळच्या माणसाची चमक पसरट असते, आणि उजळ त्वचेवर ती उलट कमी उठून दिसते. लांबच्या मामांची लहान आणि तुलनेने टोकदार. जावयांना जोरदार चमक दिलीत की परत फ्लॅशवर आलात.

किती, हे मामांकडूनच मोजा. तेच सूत्र, त्यांच्या साफ कपाळाचं गुणोत्तर घेऊन. खिडकीचा प्रकाश निळसर असेल तर आधी ग्रुप फोटोच्या एका प्रतीवर तो तटस्थ करून मोजा.

दांडियाबाजारवाला

मामांचं गुणोत्तर 2.6 निघालं, ते गोरे आहेत. चमकेचा `s` 0.07 च्या आसपास. काकांचा 0.06. म्हणजे फ्लॅशच्या 0.245 च्या जेमतेम पावपट! मी हाताने रंगवताना सहज तिप्पट दिला असता.

शलाका

मग 0.06 ने सुरुवात करा. लिनियर फाइलमध्ये नवा लेयर, मोड `Linear Dodge (Add)`, गिंपमध्ये `Addition`. रंग खिडकीचा, मऊ ब्रश. मग एक गोष्ट नक्की करा. मूळ फोटोतून काढलेल्या `s` इमेजमधला बारीक पोत, म्हणजे छिद्रांचा खडबडीतपणा, या नव्या चमकेवर गुणा. तेल सगळीकडे सारखं बसत नाही, गुळगुळीत डाग लगेच प्लास्टिक दिसतो. आणि हा लेयर सावलीच्या लेयरच्या *वर* हवा. खाली ठेवलात तर सावली त्यालाही मळवते.

डोळ्यातला ठिपकाही बदला. फ्लॅशचा बारीक ठिपका बाहुलीच्या मधोमध असेल. तो पुसून डावीकडे खिडकीची छोटी उभट खूण द्या, शेजारच्यांच्या डोळ्यात आहे तशी. कपाळ बरोबर आणि डोळा चुकलेला असला की माणूस कशाने खटकतोय तेच कळत नाही.

दांडियाबाजारवाला

झालं. आज घरी दाखवलं. मुलीने, म्हणजे जावयांच्या बायकोने, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे आले कधी होते?" एवढ्यात पैसे वसूल. जावई स्वतः मात्र म्हणाले, "मी एवढा कोरडा नाही हो." 0.06 चं 0.08 केलं, खूश.

आता एक नवीनच. आजी त्यांच्या उजवीकडे बसल्यात. आजींच्या डाव्या गालावर आणि चष्म्याच्या काचेवर खिडकी स्वच्छ दिसते. पण जावई खरंच तिथे उभे असते तर खिडकीचा काही भाग त्यांनीच अडवला असता ना?

चित्रशाळा

अय्या, खरंच की.

पिक्सेलपंत

कोणीही बघणार नाही. प्रिंट काढ.

शलाका

पंत, प्रिंट मोठी असेल तर चष्मा नक्की बघतील. गालाचं सोपं आहे, खांद्याच्या उंचीखाली चमक आणि उजेड थोडा कमी करा. चष्म्यात मात्र जावयांची आकृती खिडकीसमोर गडद दिसायला हवी, आणि ती पाठमोरी नाही, आजींच्या बाजूने दिसणारी. तसा फोटो आहे का त्यांचा? नसेल तर पुढच्या रविवारी जावयांएवढ्या उंचीच्या कोणालातरी तिथे उभं करा, आजींना बसवा आणि चष्मा तेवढा परत टिपा. वेळ मात्र साडेनऊचीच.

दांडियाबाजारवाला

आजींना विचारतो. भाकरवडी परत मिळेल बहुतेक.

अपर्णाकाकू

जावयांचा चेहरा आता कोरडा झालाय ना, मग मुलतानी माती नको. साय लावा.